बांगडा की कॅप्सूल? ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेली असताना काय करायचं

गेल्या वेळी आपण कोलेस्टेरॉलबद्दल बोललो, तेव्हा शेवटी बरेच प्रश्न आले होते आणि त्यातले निम्मे तरी एकाच गोष्टीभोवती फिरत होते: माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. घ्याव्यात का, किती घ्याव्यात, आणि आम्ही मासे खाणारी माणसं, आम्हाला त्यांची गरजच काय? आज तेवढा एकच विषय घेऊ. त्यातही भर द्यायचा आहे तो ज्यांच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्सचा आकडा ५००च्या वर, कधी हजाराच्याही वर गेलेला असतो त्यांच्यावर. कारण १८० आकडा असलेल्या माणसाला दिलेला सल्ला आणि १४०० असलेल्याला द्यायचा सल्ला यांत नुसता कमीजास्तीचा फरक नाही, कधीकधी तो अगदी उलटा असतो. आणि घोटाळा होतो तो इथेच.

एक उदाहरण घेऊन बोलू. आमच्याकडे आलेल्या दोन-तीन रुग्णांच्या गोष्टी एकत्र करून हा एक माणूस आम्ही तयार केलाय, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. वय ४३, मूळ गाव मालवणकडचं, नोकरी मुंबईत. मधुमेह पाच वर्षांपासून, गोळ्या जमेल तशा. शनिवारी मित्रांबरोबर बसणं, आणि खरं विचाराल तर बुधवारीही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत ट्रायग्लिसराइड्स आली १४८०. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी हा आकडा १५०च्या आत असावा. लॅबने रिपोर्टवर शेरा मारला होता, ‘सीरम लायपेमिक’. म्हणजे रक्त थोडा वेळ ठेवल्यावर वरचा पाण्यासारखा भाग स्वच्छ पिवळसर दिसायला हवा, तो दुधासारखा पांढरट दिसत होता. एलडीएलच्या रकान्यात आकडाच नव्हता. तोही लॅबचा हलगर्जीपणा नव्हे. बऱ्याच ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष न मोजता गणिताने काढतात आणि ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर गेली की ते गणित चालत नाही.

त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्यांचा पहिला प्रश्न असा: “डॉक्टर, आमच्याकडे आठवड्यातून पाच दिवस बांगडा नाहीतर तारली असते. शिवाय रिपोर्ट बघितल्यापासून मी यांना माशाच्या तेलाच्या दोन गोळ्या रोज देतेय. मग चरबी वाढली कशी?”

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर समजायला रक्तात ही चरबी येते कुठून आणि जाते कुठे ते बघावं लागेल. आम्ही हे समजावताना टोलनाक्याचं उदाहरण देतो.

रक्तात चरबी मोकळी फिरत नाही, गाड्यांमधून फिरते. या गाड्या दोन ठिकाणांहून निघतात. एक आतड्यातून: तुम्ही जेवलात, त्यातलं तेल-तूप-मासा-मटण यातली चरबी आतड्यात शोषली गेली की ती ‘कायलोमायक्रॉन’ नावाच्या मोठ्या गाड्यांत भरून रक्तात येते. दुसरं आगार म्हणजे लिव्हर. तिथे जास्तीची साखर, भात, दारू यांपासून चरबी बनते, अंगावरच्या साठ्यातूनही थोडी येते, आणि ती ‘व्हीएलडीएल’ नावाच्या गाड्यांतून बाहेर पडते. दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच नाक्यावर रिकाम्या होतात. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींजवळ बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला एक एन्झाइम असतं, लायपोप्रोटीन लायपेज. ते गाडीतली चरबी फोडून पेशींना देतं. हाच आपला टोलनाका.

आता ट्रायग्लिसराइड्स २०० किंवा ३०० असतात तेव्हा नाका चालू असतो, लिव्हरच्या आगारातून गाड्या जरा जास्त निघत असतात एवढंच. सकाळी उपाशीपोटी रक्त काढलं तर आतड्याच्या गाड्या बहुतेक निघून गेलेल्या असतात. पण आकडा ५००च्या पुढे, आणि विशेषतः हजाराकडे सरकू लागला, की नाका तुंबतो. लिव्हरच्या गाड्यांनी सगळ्या रांगा भरलेल्या, त्यात जेवणानंतर आतड्याच्या मोठ्या गाड्या येऊन उभ्या राहतात आणि बारा तास उपाशी राहिलं तरी हलत नाहीत. रक्त दुधाळ दिसतं ते या अडकलेल्या मोठ्या गाड्यांमुळे. आमच्या या गृहस्थांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. नाक्यावरचं एन्झाइम नीट चालायला इन्शुलिन लागतं. त्यांचं एचबीए१सी १०.६ होतं. म्हणजे लिव्हरमधून गाड्या जास्त आणि नाक्यावर कर्मचारी कमी.

याचा धोका हृदयापेक्षाही आधी स्वादुपिंडाला असतो. आकडा हजारापलीकडे गेला की स्वादुपिंडाच्या बारीक वाहिन्यांमध्ये ही चरबी फुटून त्यातून निघणारी फॅटी आम्लं तिथल्या पेशी जाळतात, आणि तीव्र स्वादुपिंडदाह होऊ शकतो. पोटाच्या वरच्या भागात, मधोमध, पाठीत आरपार जाणारी कळ, उलट्या, वाकून बसलं की थोडं बरं वाटणं. अशी कळ आली तर कॅप्सूलचा विचारही करायचा नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. आणि तिथे ट्रायग्लिसराइड्स आधी वाढलेली होती हे आवर्जून सांगायचं, कारण रक्त दुधाळ असलं की अमायलेजची तपासणी कधीकधी खोटी नॉर्मल दाखवते.

आता येतो माशावर. माशाच्या तेलात दोन फॅटी आम्लं आपल्या कामाची असतात, ईपीए आणि डीएचए. दोघांना मिळून आपण ओमेगा-३ म्हणतो. ही दोन्ही लिव्हरच्या आगारात काम करतात: तिथे नवी चरबी बनणं कमी करतात, असलेली जाळायला लावतात, त्यामुळे व्हीएलडीएलच्या गाड्या कमी निघतात. नाक्यावरची गती थोडी वाढवतात असंही दिसतं, पण मुख्य काम आगारातलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रश्न उरतो तो मात्रेचा. दिवसाला १ ग्रॅम ईपीए-डीएचए मिळालं तर ट्रायग्लिसराइड्स फार तर पाच ते दहा टक्के उतरतात. मोठा फरक दिसतो तो दिवसाला ३ ते ४ ग्रॅमला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ साली या विषयावरचा पुरावा एकत्र करून एक निवेदन काढलं. त्यानुसार रोज ४ ग्रॅम औषधी ओमेगा-३ने २०० ते ४९९ गटात साधारण २० ते ३० टक्के घट होते, आणि ५००च्या वरच्यांत ३० टक्के किंवा जास्त. म्हणून फार वाढलेल्या आकड्यासाठीचा डोस ४ ग्रॅम. दोन ग्रॅमवर सुरुवात करून बघू असं इथे फारसं उपयोगी पडत नाही.

आता बाईंच्या दोन गोळ्यांचा हिशोब करू. बाटलीवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ‘१००० मि.ग्रॅ. फिश ऑईल’. ते माशाच्या तेलाचं वजन झालं. ओमेगा-३ किती ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० मि.ग्रॅ. आणि डीएचए १२० मि.ग्रॅ., मिळून ३००. बाकीचे ७०० मि.ग्रॅ. म्हणजे माशातलीच इतर चरबी. दोन कॅप्सूल म्हणजे ६०० मि.ग्रॅ. ओमेगा-३. त्यांच्या १४८०च्या आकड्यावर याचा परिणाम शोधूनही सापडणार नाही. डॉक्टर लिहून देतात त्या शुद्ध केलेल्या १ ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधारण ८४० मि.ग्रॅ. ओमेगा-३ असतं. अशा चार घेतल्या की ३.३६ ग्रॅम होतात, आणि त्यालाच बोलीत ‘४ ग्रॅमचा डोस’ म्हणतात. तेवढंच साध्या कॅप्सूलमधून मिळवायचं तर अकरा घ्याव्या लागतील. अकरा कॅप्सूल म्हणजे ११ ग्रॅम तेल रोज. पोटात गडबड, माशाचे ढेकर, आणि ज्याला चरबी कमी खायला सांगितलीय त्याच्या दिवसाच्या कोट्यातला मोठा हिस्सा यातच संपला.

आणखी एक घोळ इथेच सांगून टाकतो. कॉड लिव्हर ऑईल वेगळं. लहानपणी आपल्यापैकी अनेकांना ते पिवळे मोती चघळायला दिलेले आठवत असतील. ते माशाच्या लिव्हरचं तेल, त्यात जीवनसत्त्व ‘अ’ आणि ‘ड’ भरपूर. रोज एखादी ठीक. पण ओमेगा-३चा मोठा डोस गाठायला कुणी त्याच्या दहा-बारा घेऊ लागलं तर जीवनसत्त्व ‘अ’ साचून अपाय होईल. लिव्हर ऑईल आणि बॉडी ऑईल यांची अदलाबदल करायची नाही.

बरं, मग मासाच वाढवला तर? तेलकट माशांच्या १०० ग्रॅम मांसात, जात आणि ऋतूनुसार, अर्ध्यापासून दीड-दोन ग्रॅमपर्यंत ईपीए-डीएचए असतं. आपल्या किनाऱ्यावर त्यासाठी बांगडा आणि तारली ही खरी माणसं, आणि तीच बाजारात स्वस्त. पापलेट, सुरमई यांचा मान मोठा पण तेल त्या मानाने कमी. हॉटेलच्या मेनूकार्डवर रावसला ‘इंडियन सॅमन’ लिहितात, त्याने फसू नका, रावस आणि सॅमन यांचं काही नातं नाही. तारलीची गंमत अशी की तिच्या अंगातलं तेल वर्षभर सारखं नसतं. अंडी घालून झाल्यावर ती रोडावते, पावसाळ्यानंतर भरपूर खाऊन पुन्हा तेलाने भरते. कोळणी जाळ्यातली तारली हातात घेऊन सांगतील आता चरबी आहे की नाही. म्हणजे मासा हे औषध म्हणून वापरायचं तर डोस महिन्यागणिक बदलणार.

सोयीसाठी १०० ग्रॅमला १ ग्रॅम धरू. औषधी डोस गाठायला साधारण साडेतीनशे ग्रॅम निव्वळ मांस रोज, काटे-डोकं वगळून. रोज चार-पाच बांगडे. मुंबई-कोकणातलं मासेप्रेमी घरही हे वर्षभर करणार नाही.

पण इथे गणितापेक्षा मोठी अडचण नाक्याची आहे. ज्याचा आकडा २०० आहे त्याने मटण-चिकन किंवा फरसाण-वडा यांच्या जागी आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा खाल्ला तर आम्ही मनापासून हो म्हणू. त्याचा नाका चालू आहे. पण १४८० असलेल्याच्या नाक्यावर रांग आधीच तुंबलीय, तिथे मासा असो की मटण, पोटात गेलेली चरबी आतड्याच्या मोठ्या गाडीतूनच येणार आणि रांगेच्या शेपटाला उभी राहणार. चांगली चरबी, वाईट चरबी हा भेद त्या घडीला कामाचा राहत नाही. ओमेगा-३ लिव्हरमधून निघणाऱ्या गाड्या कमी करतं, आतड्यातून येणाऱ्या नाही.

आम्ही त्या बाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात नेलं, म्हणजे बोलण्यातून. बांगडा कसा करता? तर रवा लावून, तव्यावर दोन बाजूंनी खरपूस. एका मध्यम बांगड्यात त्याची स्वतःची चरबी पाच-सात ग्रॅम धरा, आणि तळताना रव्याने पिऊन घेतलेलं तेल आणखी आठ-दहा ग्रॅम. तो माणूस दोन खातो. सोबत नारळाच्या वाटणाची आमटी. एका जेवणात चाळीसेक ग्रॅम चरबी झाली. अशा रुग्णाला आकडा खाली येईपर्यंत आम्ही दिवसाला सगळी मिळून २० ते २५ ग्रॅम चरबी देतो. तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे साडेचार-पाच ग्रॅम, हे धरलं की किती कमी ते लक्षात येईल. मासा त्यांनी सोडायला आम्ही सांगितलं नाही. पहिले काही आठवडे कमी चरबीचा मासा, एक तुकडा, बिनतळलेला, नारळाशिवाय. त्यांनी तिरफळं घालून तिखलं करायचं ठरवलं, फोडणीचं तेल मोजून. बांगडा नंतर परत येईल म्हटलं.

मग उपचाराचा क्रम कसा लावला ते सांगतो. कॅप्सूल आम्ही पहिल्या दिवशी लिहिल्या नाहीत. बाईंना ते पटलं नाही. पण हिशोब करून बघा. १४८०चे ३० टक्के ४४४. वजा केले तर १०३६. म्हणजे सर्वात चांगला डोस, तोही नियमित, एकटा दिला तरी माणूस हजाराच्या वरच राहिला असता. आधी जे नाका तुंबवतंय ते थांबवायला हवं. दारू पूर्ण बंद, शनिवारसकट. चरबी मोजून. साखर, गोड पेयं, फळांचे रस बंद आणि भात अर्धा, कारण चरबी कमी केली म्हणून लोक भात-पोळी वाढवतात आणि लिव्हर त्याचीच चरबी करून पाठवतं. मधुमेहासाठी काही काळ इन्शुलिन. फेनोफायब्रेटची गोळी, किडनीची तपासणी बघून. थायरॉइडही तपासलं, ते मंद असलं तरी आकडा चढतो. चालू औषधं विचारली. स्टिरॉइड, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या यांनीही वाढतं.

दोन आठवड्यांनी आकडा ६४० आला. लोकांना हे खरं वाटत नाही, पण आतड्याच्या गाड्या थांबवल्या तर रांग काही दिवसांतच ओसरते. फार वाढलेल्या आकड्यात सर्वात झपाट्याने काम करतं ते ताट आणि ग्लास. आता ६४०चे ३० टक्के काढले तर साडेचारशेच्या आसपास येतो. इथे कॅप्सूलला अर्थ आहे. आम्ही औषधी कॅप्सूल चार लिहिल्या, दोन दुपारी, दोन रात्री, जेवणासोबतच.

‘जेवणासोबतच’ यामागे कारण आहे. या शुद्ध केलेल्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-३ बहुधा ‘इथाइल एस्टर’ या रूपात असतं. ते शोषलं जायला जेवणात थोडी तरी चरबी लागते. आणि आपण त्याच माणसाला चरबी कमी करायला सांगितलेली. उपाशीपोटी, नुसत्या चहाबरोबर घेतलेली कॅप्सूल बरीचशी वाया जाते. म्हणून दिवसभराचं मोजलेलं तेल ज्या दोन जेवणांत आहे, त्यांच्यासोबत घ्यायची. गार करून, फ्रिजमध्ये ठेवून घेतली की ढेकर कमी येतात असं अनेकजण सांगतात.

आठ आठवड्यांनी आकडा ३९०. मधुमेहही आटोक्यात येत होता, त्यामुळे या उताराचं सगळं श्रेय कॅप्सूलला देता येणार नाही. एलडीएल आता मोजता आलं आणि ते वाढलेलं होतं. हे अपेक्षित असतं. ईपीए-डीएचए मिश्रणाने, आणि खरं तर ट्रायग्लिसराइड्स उतरवणाऱ्या कुठल्याही उपायाने, अडकलेल्या गाड्या रिकाम्या होऊन एलडीएलच्या रूपात दिसू लागतात. नुसतं ईपीए असलेल्या औषधाने ही वाढ सहसा होत नाही. त्यांना मधुमेह होताच, म्हणून स्टॅटिन सुरू केली.

मग साधारण चार महिन्यांनी गडबड झाली. आकडा पुन्हा ५८०. गृहस्थ शपथेवर सांगत होते की दारू नाही, पथ्य चालू आहे, कॅप्सूल रोज चार. साखरही ठीक होती. आम्ही बाटली आणायला सांगितली. दुकानात नेहमीचं औषध नव्हतं म्हणून ‘तेच आहे, १००० मि.ग्रॅ.’ म्हणून साध्या फिश ऑईलच्या कॅप्सूल दिल्या गेल्या होत्या. बऱ्याच स्वस्त, त्यामुळे घरी आनंदच झाला होता. चार कॅप्सूल घेत होते ते खरं, पण ओमेगा-३ मिळत होतं १.२ ग्रॅम. मागच्या लेबलवरच्या ईपीए आणि डीएचए या दोन आकड्यांची बेरीज करा आणि कॅप्सूलच्या संख्येने गुणा. उत्तर तीन हजार मि.ग्रॅ.च्या वर आलं नाही तर डॉक्टरांनी सांगितलेला डोस तुम्ही घेत नाही आहात.

उलट बाजूही सांगायला हवी. ट्रायग्लिसराइड्सचा आकडा स्वतःहूनच बराच वरखाली होतो. एकाच माणसाच्या दोन तपासण्यांत वीस-तीस टक्क्यांचा फरक काही न करताही पडू शकतो. त्यामुळे २१०चे १७० झाले म्हणजे कॅप्सूल लागू पडली, असं एका रिपोर्टवरून म्हणता येत नाही. तपासणी दहा-बारा तास उपाशीपोटी, आदल्या दोन दिवसांत दारू आणि मेजवानी न करता, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये.

४ ग्रॅमचा डोस निर्धोक आहे का? बहुतेकांना पोटाच्या किरकोळ तक्रारींपलीकडे काही होत नाही. पण मोठ्या डोसने हृदयाची लय बिघडण्याचा, एट्रियल फिब्रिलेशनचा धोका थोडा वाढतो, हे आता एकाहून अधिक मोठ्या अभ्यासांत दिसलंय. २०१८च्या ‘रिड्यूस-इट’ अभ्यासात त्यासाठी दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण औषध गटात ३.१ टक्के आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के होतं. ज्यांना आधीच अशी धडधड होते किंवा जे रक्त पातळ करणारी औषधं घेतात, त्यांनी हे आधी सांगायचं.

त्याच अभ्यासामुळे कॅप्सूलची जाहिरात वाढली, म्हणून दोन शब्द. त्यात स्टॅटिन चालू असलेल्या, ट्रायग्लिसराइड्स मध्यम वाढलेल्या ८१७९ लोकांत नुसत्या ईपीएच्या ४ ग्रॅमने हृदयविकाराच्या घटना चतुर्थांशाने कमी झाल्या. दोन वर्षांनी ‘स्ट्रेंग्थ’ या तेवढ्याच मोठ्या डोसच्या, पण ईपीए-डीएचए मिश्रणाच्या अभ्यासात काहीच फायदा दिसला नाही. पहिल्या अभ्यासात तुलनेच्या गटाला दिलेलं खनिज तेल त्यांना थोडं बाधलं आणि म्हणून औषध जास्त चांगलं दिसलं का, हा वाद अजून मिटलेला नाही. आमचं मत विचाराल तर फरक थोडाफार खरा असावा, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. आणि तो प्रश्न हृदयाचा आहे. आजचा आपला प्रश्न स्वादुपिंडाचा. तिथे स्पष्ट सांगायला हवं की कॅप्सूल आकडा उतरवते हे सिद्ध आहे, पण स्वादुपिंडदाह टाळते असं कुठल्या चाचणीने थेट दाखवलेलं नाही. आकडा कमी तर धोका कमी, या तर्कावर आपण ती देतो.

दोन प्रश्न आलेत, ते घेऊ.

एक ताई विचारतात, “आम्ही शाकाहारी आहोत. जवसाची चटणी रोज खाल्ली तर चालेल का?” खा, चटणी चांगलीच आहे. पण जवसात, अक्रोडात जे ओमेगा-३ असतं ते वेगळं, एएलए. शरीर त्यातलं फारच थोडं ईपीएत आणि त्याहून कमी डीएचएत बदलतं. त्यामुळे ट्रायग्लिसराइड्स उतरवायला जवसाचा उपयोग होत नाही. आणि आकडा खूप वर असेल तर जवसातलं तेलही त्या २०-२५ ग्रॅममध्ये धरायला हवं. शैवालापासून काढलेल्या तेलात ईपीए-डीएचए मिळतं, ते शाकाहारी आहे. मात्र लेबलची तीच बेरीज करायची, त्यात बऱ्याचदा डीएचएच जास्त असतं आणि कॅप्सूल छोटी असते.

दुसरा प्रश्न एका वडिलांचा. मुलाचं वय सोळा, आकडा चार हजार, दोनदा पोटदुखीने दाखल, दारू नाही, मधुमेह नाही, अंगाने बारीक. “फिश ऑईल सहा महिने दिलं, काही फरक नाही. डोस वाढवू का?” नका वाढवू. अशा मुलांमध्ये नाकाच जन्मतः बंद असण्याची शक्यता असते, लायपोप्रोटीन लायपेजची आनुवंशिक कमतरता. तिथे लिव्हरच्या आगारातल्या गाड्या कमी करून काही होत नाही, आणि तेल वाढवलं तर आतड्याच्या गाड्या वाढतात. हा फार दुर्मीळ आजार आहे. त्याच्या तपासणीसाठी जनुकचाचणी उपलब्ध आहे, ती करून घ्या. तोपर्यंत चरबी दिवसाला १५-२० ग्रॅमच्या आत, आणि स्वयंपाकासाठी नारळापासून वेगळं काढलेलं ‘एमसीटी’ तेल आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरता येतं. ते आतड्यातून सरळ लिव्हरकडे जातं, मोठ्या गाडीत चढतच नाही. घरचं खोबरेल त्याऐवजी चालत नाही, त्यात बाकीचीच चरबी जास्त असते. कॅप्सूल सध्या बंद ठेवा आणि सगळे जुने रिपोर्ट घेऊन या.

मालवणच्या त्या गृहस्थांचं विचारताय? औषधी कॅप्सूल पुन्हा सुरू केल्यावर तीन महिन्यांत २७०. बांगडा परत आलाय, आठवड्यातून दोनदा, एकच, तव्यावर एक चमचा तेलात. बुधवार सुटला. शनिवारबद्दल त्यांच्या पत्नी म्हणतात, अजून लक्ष ठेवावं लागतं.